आकड्यामागचं कारण

त्या एका परिच्छेदापाशी येऊन ताईचं घोडं पेंड खात होतं. निवाडा चांगला जाडजूड होता. आधीची सगळी पानं रेखीव होती. कोण काय म्हणालं, कुणाचा पुरावा मानला, कुणाचा का मानला नाही, सगळं ओळीनं सांगितलेलं. आणि शेवटाकडे, भरपाई किती हे ठरवायची वेळ आली तेव्हा तिघा लवादांनी एका वाक्यात मामांच्या तज्ज्ञाची पद्धत नाकारली होती, दुसऱ्या वाक्यात सरकारच्या तज्ज्ञाची नाकारली होती, आणि तिसऱ्या वाक्यात ‘सर्व परिस्थितीचा विचार करता’ असं म्हणून एक आकडा लिहून टाकला होता. तो आकडा कुठून आला, कसा आला, याचा मागमूस नव्हता.

ऑफिसच्या खिडकीशी साहेब बसले होते. साहेब म्हणजे निवृत्त न्यायाधीश. घरी बसवत नाही म्हणून दुपारचे ताईच्या वकिलीच्या ऑफिसात येत, फुकट सल्ला देत आणि चहा मात्र दोनदा घेत. आयुष्यभर त्यांनी कोर्टात लवादांचे निवाडे तपासले होते, म्हणजे दोन व्यापाऱ्यांच्या भांडणातले.

“वाचलंत?” ताईनं विचारलं.

“दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं पान गळलंय.”

“तुमच्या कोर्टात असा निवाडा आला असता तर?”

“आमच्याकडे सोपं होतं गं. हरलेला यायचा, म्हणायचा, कारण तोकडं आहे. आम्ही म्हणायचो, बाबा, लवाद चुकला असेल, पण तुम्हीच त्याला नेमलंत, आता भोगा. फारच उघडं पडलेलं असलं आणि कुणी मागितलं तर निवाडा थोडा बाजूला ठेवायचो, त्याच लवादाकडे परत पाठवायचो, की एवढी फट बुजवून आण. तो बिचारा दीड पान लिहून आणायचा. संपलं.” त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. “आणि काहीच सापडलं नाही तर आमच्याकडे ‘सार्वजनिक धोरण’ नावाचं एक मोठं पोतं असायचं. कशातच न बसणारं सगळं वकील त्यात कोंबायचे.”

“इथे ते पोतं नाही.”

“माहितेय. निवाडा रद्द करायला पाचच दारं आहेत. मंडळ नीट बसवलं नव्हतं, अधिकाराबाहेर उघडउघड गेलं, कुणी लाच खाल्ली, सुनावणीच्या मूळ नियमालाच धक्का बसला, किंवा कारणं दिली नाहीत. आमच्या कोर्टात जे दार जेमतेम किलकिलं असायचं ते इथे नावानिशी उघडं ठेवलंय, आणि तुझ्या प्रतिपक्षानं नेमक्या त्याच दारात पाय घातलाय.”

ताईनं ते पान पुन्हा समोर ओढलं. साहेब जे हसत बोलत होते ते गेले कित्येक महिने तिच्या छातीवर दगडासारखं बसलं होतं.

हा निवाडा व्यापाऱ्यांच्या भांडणातला नव्हता. मामांनी, म्हणजे तिच्या आईच्या थोरल्या भावानं, समुद्रापारच्या एका देशात बंदरगावाला पाणी पुरवणारा प्रकल्प उभारला होता. खारं पाणी गोडं करायचं आणि गावाला द्यायचं. दोन वर्षं नीट चाललं. मग गावात पोटाचे आजार पसरले, माणसं दगावली, आणि तिथल्या सरकारनं सांगितलं की दोष या पाण्याचा आहे. परवाना रद्द झाला, यंत्रं ताब्यात घेतली गेली. प्रकल्प चालवायला तिथे मामांचा मुलगा राहिला होता, बाळू. वर्तमानपत्रांत त्याचा फोटो आला होता. गावकऱ्यांनी त्याला रस्त्यात अडवून विचारलं होतं, झोप लागते का तुला. तो परत आला तो घरात बसला. चाळिशीचा माणूस, पण नळ सोडला की पाण्याकडे बघत उभा राहायचा, आणि आई पाणी मागायला लागली तरी भरायचा नाही.

दोन देशांमध्ये गुंतवणुकीचा करार होता. त्या कराराच्या आधारे मामांनी थेट सरकारवर दावा लावला आणि लवाद मंडळानं निवाडा दिला. पाण्यात दोष नव्हता. सरकारनं तपासायला नेलेले नमुने मामांच्या टाक्यांतले नव्हतेच, नगरपालिकेच्या जुन्या फुटक्या नळातले होते. परवाना कारणाशिवाय रद्द झाला, म्हणून सरकारनं कराराचा भंग केला. बाळूनं त्या दिवशी ती ओळ मोठ्यानं वाचली होती आणि कितीतरी दिवसांनी जेवायला सगळ्यांबरोबर बसला होता.

मग सरकारनं रद्दबातल करण्याचा अर्ज केला, मुदत संपायच्या जरा आधी. नव्या तीन माणसांची समिती बसली, अंमलबजावणी थांबली. सरकारची मागणी होती, सगळा निवाडा रद्द करा. नुसता आकडा नाही, सगळा. आणि सगळा गेला की ‘पाण्यात दोष नव्हता’ तेही गेलं. मग नव्या मंडळापुढे नमुने, नळ, मेलेली माणसं, सगळं परत.

बाळूनं ते ऐकलं तेव्हा तो परत आपल्या खोलीत गेला होता.

“मामांना एकच कळत नाही,” ताई म्हणाली. “ते म्हणतात, मागच्या वेळेसारखं करा. पाइपवाल्या ठेकेदाराशी भांडण झालं होतं ना, ते तुमच्याच कोर्टात गेलं होतं. लवाद एक इंजिनिअर होता, कोर्टानं त्याच्याकडे परत पाठवलं, त्यानं आकड्याची फोड करून दिली, प्रश्न मिटला. मामा म्हणतात, या तिघांकडे पाठवा की.”

“आणि तू काय सांगितलंस?”

“की समितीला परत पाठवायचा अधिकारच नाही. ठेवायचं किंवा रद्द करायचं, सगळं किंवा त्यातला भाग. रद्द झालं तर नवं मंडळ. जुन्या मंडळाकडे निवाड्याचा अर्थ लावून द्या असा अर्ज करता येतो, पण कारण वाढवून द्या असा नाही.”

“मग?”

“मग म्हणाले, तू अजून लहान आहेस.”

साहेब हसले, मग हसणं आवरून म्हणाले, “तुझ्याकडे एकच वाट आहे. कारण लिहिलेलं नसलं तरी फायलीतून ते आपोआप कळतंय असं दाखव. समित्या तेवढं मानतात. पण ते खरंच तिथे असायला हवं.”

ते तिथे आहे का, हेच ताई शोधत होती. सुनावणीच्या शब्दन्‌शब्द टिपणात एका जागी लवादांच्या अध्यक्षांनी सरकारच्या इंजिनिअरला विचारलं होतं की अशी यंत्रं आज नव्यानं घ्यायची म्हटली तर किती लागतील. इंजिनिअरनं उत्तर दिलं होतं. त्या उत्तराला जमिनीचं भाडं आणि उभारणीचा खर्च जोडला की आकड्याच्या जवळपास पोचता येत होतं. जवळपास. बरोबर नाही. मधे एक मोठं भगदाड राहत होतं. यंत्रं बसवणं, चालवणं, त्यांची खरी स्थिती हे सांगू शकणारा एकच साक्षीदार होता, आणि तो त्या वेळी साक्षीला आला नव्हता. बाळू म्हणाला होता, त्या लोकांसमोर मला उभं करू नका. मामांनीही जोर केला नव्हता.

पण हे सगळं मनात ठेवून तिनं तयारी केली. दुसरा मार्ग नव्हता.

*

सुनावणी तिसऱ्याच देशातल्या एका शहरात होती. हॉटेलच्या तळमजल्यावर भाड्यानं घेतलेली खोली, हिरवट गालिचा, दुभाष्यांसाठी काचेची पेटी, प्रत्येक खुर्चीसमोर पाण्याची बाटली. आदल्या दिवशी दुपारी ताई खोली बघून आली आणि लॉबीत मामांची वाट बघत बसली. ते बाहेर गेले होते. पाय मोकळे करून येतो म्हणाले होते.

मामा आले तेव्हा त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. शेजारच्या खुर्चीत बसले, टोपी काढली, परत घातली.

“मामा, बरं नाही का वाटत?”

“बरंय.”

“पाणी देऊ?”

“नको.” मग बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाले, “ताई, रागावू नकोस. मी त्यांच्याकडे गेलो होतो.”

“कुणाकडे?”

“अध्यक्षांकडे. जुन्या मंडळाच्या. इथेच राहतात ते, नदीपलीकडे. माणूस चांगला, तुला आठवतंय ना, सुनावणीत मला खुर्ची ओढून दिली होती.”

ताई त्यांच्याकडे वळली. “मामा, तुम्ही कशाला…”

“मागच्या वेळी नव्हतो का त्या लवाद इंजिनिअरकडे गेलो? कोर्टानंच पाठवलं होतं. त्यानं समोर बसवून सांगितलं, हे बघा, आकडा असा आला. मला वाटलं, याच्याकडेही कारण असणार. माणूस म्हातारा झालाय, लिहायचं राहून गेलं असेल. त्याच्याकडून सांगून घेतलं की उद्या तू म्हणशील, हे बघा कारण.”

“ते आता आपल्या कुणाचे नाहीत, मामा. निवाडा दिला की लवाद संपतो. कोर्टानं परत पाठवलं तर तो पुन्हा जिवंत होतो, इथे होत नाही. इथे त्यांनी दहा पानी स्पष्टीकरण लिहून दिलं तरी ते उपयोगाचं नाही.”

“आता कळलं.”

“काय म्हणाले ते?”

मामांनी टोपी मांडीवर घेतली. समोरच्या कुंडीतलं एक पान तोडलं, बोटांत चुरगाळलं.

“मामा, मला हे माहीत असायला हवं.”

“दारातच उभं ठेवलं मला. आत नाही बोलावलं. म्हणाले, मला विचारू नका, मंडळात काय झालं ते मी सांगू शकत नाही.” मामांनी चुरगाळलेलं पान कुंडीत टाकलं. “मी म्हटलं, अहो, काय झालं ते नका सांगू, आकडा कसा आला तेवढं सांगा. माझ्या मुलाचं आयुष्य अडकलंय. तेव्हा ते म्हणाले, माझ्याकडे सांगण्यासारखं काही असतं तर मी ते निवाड्यात लिहिलं असतं.”

लॉबीत कुणीतरी सामानाची गाडी ढकलत गेलं. ताईनं ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघितलं.

म्हणजे कारण नव्हतंच. तिघं बसले असतील, एक जास्त म्हणाला असेल, एक कमी, आणि दोघांच्या मधे कुठेतरी हात टेकले असतील. तिनं शोधलेली वाट, इंजिनिअरचं उत्तर, भाडं, खर्च, ते सगळं तिनं रचलेलं होतं. त्यांच्या डोक्यात ते कधीच आलं नव्हतं.

“मी वाट लावली का?” मामांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“खरं सांग.”

“खरंच माहीत नाही, मामा. उद्या सकाळी मला सांगावं लागेल, की तुम्ही गेला होतात.”

“न सांगितलं तर?”

“उद्या नाही तर परवा कळेल. आणि मग आपलं एकही वाक्य कुणी मानणार नाही.”

मामांनी मान हलवली. ती हो अशी होती की नाही अशी, ताईला कळलं नाही.

साहेबांना तिनं फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “आमच्या कोर्टात हे झालं असतं तर मी तुझ्या मामांना कान धरून उभं केलं असतं. सांग. आधी सांग. आणि समिती जे विचारेल तेवढ्याचंच उत्तर दे.” मग जरा थांबून, “जेवलीस का?”

*

सकाळी सगळे जागेवर बसले. समितीच्या प्रमुखबाई मधोमध, दोन्ही बाजूंना दोन सदस्य. तिघंही जुन्या मंडळावर नव्हते, तसे ते असूच शकत नाहीत. सरकारचा वकील उंच, सडसडीत, नेहमी चष्मा डोक्यावर सरकवणारा. आदल्या दिवशी त्यानं ताईशी हवामानावर गप्पा मारल्या होत्या.

ताई उभी राहिली. तिचा आवाज एरवीही मऊच होता, आज तो आणखी खाली गेला.

“सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवायची आहे. काल माझे अशील, मला न विचारता, मूळ मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी गेले होते. दारात दोन-चार वाक्यं झाली. हे घडायला नको होतं.”

सरकारच्या वकिलानं चष्मा डोक्यावरून खाली आणला.

“काय बोलणं झालं, हे आम्हाला कळायला हवं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात नवं बळ आलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

प्रमुखबाईंनी हात वर केला. “कुणी काही सांगू नका.” त्या दोघा सदस्यांशी हळू आवाजात बोलल्या. मग म्हणाल्या, “अध्यक्ष निवाड्याबद्दल काय म्हणाले असतील, ते निवाड्याच्या बाजूनं असो वा विरुद्ध, आमच्यापुढे नाही. आम्ही कोर्ट नाही, आणि आम्ही त्यांना परत विचारू शकत नाही. मग त्यांचं दारातलं बोलणंही विचारात घेऊ शकत नाही. आमच्यापुढे निवाडा आहे आणि फाइल आहे. झालेली भेट नोंदवली. खर्चाचा विचार करताना ती लक्षात राहील. पुढे चला.”

ताई खाली बसली. ज्या भिंतीवर मामांनी काल डोकं आपटून घेतलं, तीच भिंत आज त्यांच्या पाठीशी उभी होती. पण तिला आनंद झाला नाही. कारण भिंतीआडचं तिला आता माहीत होतं.

सरकारच्या वकिलानं नेमकं बोट ठेवलं. “वाचणाऱ्याला मंडळाच्या पावलांमागून चालता यायला हवं,” तो म्हणाला. “इथे पावलंच नाहीत. दोन्ही पद्धती फेकून दिल्या आणि आकडा आभाळातून पडला. आणि हा दोष आकड्यापुरता थांबत नाही. कोणत्या भंगासाठी किती, हेच कळत नसेल तर भंगाबद्दल मंडळानं काय ठरवलं हेही कळत नाही. म्हणून सगळा निवाडा गेला पाहिजे. व्यापारी लवादात एखादं कोर्ट निवाडा परत पाठवून वाचवू शकलं असतं. इथे तशी सोय नाही.”

ताईनं आपली बाजू मांडली. इंजिनिअरचं उत्तर, भाडं, खर्च. नीट मांडली. रचलेली वाट होती, पण फायलीतल्याच कागदांवर रचलेली, आणि मंडळाला अंदाज बांधायची मोकळीक असते हे खरंच होतं. तरी बोलता बोलता तिला जाणवत होतं की डावीकडचा सदस्य तिच्या बेरजेपाठोपाठ पेन्सिल चालवतोय, आणि पेन्सिल प्रत्येक वेळी त्याच जागी थांबतेय.

“इथून इथे कसं यायचं?” त्यानं शेवटी विचारलं.

“मंडळानं उभारणीच्या गुणवत्तेचा विचार केला असावा,” ताई म्हणाली.

“कोणत्या पुराव्यावरून?”

ताईनं क्षणभर मामांकडे बघितलं. “प्रकल्प चालवणाऱ्याची साक्ष झालेली नाही,” तिनं कबूल केलं.

प्रमुखबाई पुढे झुकल्या. “एक सरळ प्रश्न विचारते. समजा आकड्याच्या भागात कारण नाही असं आम्हाला दिसलं. तुमचं म्हणणं काय, भंगाचा भाग त्यापासून वेगळा काढता येतो की नाही? तुमच्या लेखी निवेदनात याबद्दल एक अक्षर नाही.”

नव्हतंच. मामांनी बजावलं होतं, अर्धवट काही मागायचं नाही, मागितलं की त्यांना वाटेल आपणच घाबरलोय.

“मला अशिलाशी बोलायला थोडा वेळ हवा,” ताई म्हणाली.

*

बाहेरच्या बोळात एक लांबट बाक होता. मामा तिच्याआधी तिथे जाऊन बसले होते.

“हो म्हणू का, मामा?”

“हो म्हटलंस तर आकडा गेला.”

“कदाचित. पण नाही म्हटलं आणि त्यांना सगळं एकत्र गुंतलेलं वाटलं, तर पाणीही गेलं.”

“आणि तू उत्तर दिलं नाहीस, गप्प बसलीस तर?”

“मग ते आपल्याला न विचारता ठरवतील.”

मामांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्या हातांनी त्यांनी स्वतः नळ जोडले होते एकेकाळी, गाडी चालवली होती, बाळूला खांद्यावर घेतलं होतं. “मी सत्तरी पार केली. नवं मंडळ म्हणजे परत चार-पाच वर्षं. माझ्यानं नाही होणार ते. म्हणजे मी उरलो तरी नाही होणार.”

“माहितेय.”

“आणि काल ते दारात असं म्हणाले नसते, तर मी तुला आज हो म्हणू दिलं नसतं. लढलो असतो. मला वाटत होतं कारण आहे, आपल्याला सापडत नाहीये एवढंच.” त्यांनी ताईकडे बघितलं. “नाहीये ना?”

“मला जे सापडलं ते मी मांडलं, मामा.”

“म्हणजे नाहीये.” त्यांनी मान खाली घातली. “जा. सांग त्यांना. आकडा वेगळा काढता येतो म्हणून सांग. पाण्याला हात लावू नका म्हणावं.”

ताई उठली. मामा बाकावरून उठले नाहीत. आत जाताना तिनं मागे वळून बघितलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. तिला परत जावंसं वाटलं, पण आत तिघं जण तिच्या उत्तरासाठी थांबले होते.

ती आत गेली आणि म्हणाली की मूळ मागणी तीच आहे, निवाडा सगळा टिकवावा. पण समितीला आकड्यात दोष दिसलाच, तर भंगाचा निष्कर्ष स्वतःच्या पायावर उभा आहे, त्यामागची कारणं पानापानांवर दिलेली आहेत, आणि तो त्या दोषानं ढासळत नाही. एवढं बोलून ती खाली बसली. सरकारच्या वकिलानं वहीत काहीतरी लिहिलं आणि ओळीखाली रेघ ओढली.

*

समितीचा निर्णय कितीतरी महिन्यांनी आला. ताईनं तो ऑफिसात वाचला, दोनदा वाचला, आणि मग साहेबांपुढे ठेवून काही न बोलता मामांच्या घरी गेली.

मामा आरामखुर्चीत होते. मामी दारात उभ्या राहिल्या. बाळू आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी आला आणि तिथेच थांबला.

“बोल,” मामा म्हणाले.

“आकडा रद्द झाला. त्या परिच्छेदात कारण नाही, म्हणाले. आपल्या बेरजेतलं अंतर फायलीतून भरून निघत नाही.”

मामी तिथेच पाटावर बसल्या. मामांनी डोळे मिटले. “आणि पाणी?”

“टिकलं. पाण्यात दोष नव्हता, परवाना कारणाशिवाय रद्द केला, कराराचा भंग झाला. सगळं तसंच आहे.”

“वर कुठे जाता येतं का? आकड्यासाठी?”

“नाही, मामा. कोर्टात गेलो असतो तर वरचं कोर्ट असतं. समितीच्या निर्णयावर कुठेच जाता येत नाही.”

“म्हणजे परत पहिल्यापासून.”

“पहिल्यापासून नाही. नवं मंडळ मागितलं तर फक्त किती, एवढंच.”

“मी नाही मागणार,” मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. संपलेल्या माणसाचा आवाज होता. “पुरे. मला आता कुणाच्या दारात उभं राहायचं नाहीये.”

स्वयंपाकघरात नळ नीट बंद झालेला नव्हता, थेंब पडत होता. मामी उठून बंद करायला जाणार, तोच बाळू म्हणाला, “ताई.”

“काय रे?”

“नवं मंडळ पाण्याबद्दल विचारू शकतं? की नमुने कुठले होते, माणसं कशानं गेली?”

“नाही. ते ठरलंय. त्यांना ते उघडता येत नाही.”

“त्या सरकारच्या वकिलालाही?”

“त्यालाही नाही.”

बाळू जमिनीकडे बघत होता. मामांनी डोळे उघडले होते.

“मग ते मला काय विचारतील?”

ताईच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. “यंत्रांबद्दल,” ती म्हणाली. “कधी बसवली, कशी चालत होती, सरकारनं ताब्यात घेतली त्या दिवशी त्यांची किंमत काय होती. दोन दिवस विचारतील. उलटसुलट विचारतील. सोपं नाहीये, बाळू.”

“पंपांबद्दल विचारतील ना फक्त.”

“पंपांबद्दल.”

“ते मला येतं,” बाळू म्हणाला.

“नको रे बाबा,” मामा म्हणाले. “मी म्हटलं ना, पुरे. तुला तिथे कशाला परत…”

“बाबा, तुम्ही नका येऊ.” तो अजून उंबऱ्यावरच होता. एका हातानं त्यानं चौकट घट्ट धरली होती. “ताई, मी आलो आणि मधेच मला बोलता आलं नाही तर?”

ताईला खोटं बोलता आलं असतं. “तर तुझी तेवढी साक्ष कमी पडेल,” ती म्हणाली. “आणि आकडा कमी येईल. एवढंच होईल. पाण्याचं कुणी काढून घेणार नाही.”

मामी स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ बंद झाला. मामांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. बाळूनं चौकट सोडली, दोन पावलं पुढे आला आणि ताईच्या समोरच्या खुर्चीत बसला.

“दुसऱ्या पंपाचं शाफ्ट मीच बदललं होतं,” तो म्हणाला. “तिथून सुरू करू?”